कारण आहे, म्हणून आजार नाही?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी आयोजकांनी मला एक गोष्ट सांगितली. एखादं मूल चार दिवस शाळेत आलं नाही, तर गुरुजी हजेरीपटावर खूण करून थांबत नसत; संध्याकाळी त्याच्या घरी जात. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे, त्या माणसांची अशी चौकशी फारशी कुणी करत नाही, कारण ती घरातच असतात. जेवायला बसतात, विचारलं तर उत्तर देतात. पण कित्येक आठवडे त्यांचं मन कशातच नसतं, झोप उडालेली असते, आणि घरचे म्हणतात, टेन्शन आहे, होईल कमी.

घरच्यांचं हे म्हणणं बऱ्याच वेळा खरं ठरतं, हे मी आधीच सांगतो. प्रत्येक उदास माणसाला आजारी ठरवण्याची मला हौस नाही. परीक्षेचा निकाल, पिकाचा भाव, नोकरीतली बदली, घरातलं दुखणं, यांनी माणूस खचतो आणि पुन्हा उभा राहतो. प्रश्न एवढाच आहे की तो उभा राहत नसेल तर ते ओळखायचं कशावरून. मी मानसोपचाराचा डॉक्टर आहे, सांगली जिल्ह्यात काम करतो, आणि तिथे जे पुन्हा पुन्हा पाहतो त्यावरून एक गोष्ट मला ठामपणे म्हणायची आहे. आपण सगळे कारण शोधतो, आणि कारण सापडलं की चौकशी थांबवतो. ‘नवऱ्याचं आजारपण झालं ना, म्हणून तसं.’ इथे विषय संपतो. कारण समजलं म्हणजे आजार नाही, असं आपण धरून चालतो. घोळ इथूनच सुरू होतो.

लंडनच्या कॅम्बरवेल भागात जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस या संशोधकांनी स्त्रियांच्या नैराश्याचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक १९७८ साली आलं. नैराश्य आलेल्या बहुतेक स्त्रियांच्या आयुष्यात त्याआधी काहीतरी मोठं, जिव्हारी लागणारं घडलेलं होतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे नैराश्याला कारण असतं, हाच नियम. विनाकारण येणारं नैराश्य असतं, पण ते कमी. तेव्हा ‘कारण आहे’ एवढ्यावरून काहीही ठरत नाही. चुलीवर हात पडला म्हणून भाजलं, हे कळल्याने फोड बरा होत नाही. फोड किती खोल आहे हे वेगळं बघावं लागतं.

किती खोल, हे कसं बघायचं? त्यासाठी मी एका ताईंची हकीकत सांगतो. कुणाची ओळख पटू नये म्हणून ती दोन-तीन रुग्णांच्या हकिकती एकत्र करून, तपशील बदलून सांगतो आहे.

चाळिशी ओलांडलेल्या या ताई घरी शिलाई करतात. मुख्यतः ब्लाउज. यजमान टेम्पो चालवतात. दिवाळीनंतर त्यांचा अपघात झाला, पाय मोडला, तीन महिने ते घरी. बचत गटाचं कर्ज डोक्यावर होतं. त्या तीन महिन्यांत ताईंनी घर ओढलं. रात्री अंथरुणावर पडलं की हप्त्याचा हिशेब सुरू व्हायचा, बारा-एकपर्यंत झोप लागायची नाही. पण सकाळी उठून त्या मशीनवर बसत. रविवारी बहीण आली की दोघी जुन्या गोष्टी काढून हसत. शेजारणीकडून वडे आले तर आवडीने खात. हा ताण होता, चांगलाच मोठा. पण मन त्याच्याखालून अधूनमधून बाहेर यायचं.

फाल्गुनात यजमान कामावर गेले. हप्ते सुरळीत झाले. सगळ्यांनी हुश्श केलं. आणि चैत्रापासून ताई बिघडत गेल्या.

घरच्यांना याचा काही केल्या मेळ लागेना. संकटात जी बाई खंबीर राहिली, ती संकट टळल्यावर का ढेपाळली? लग्नसराईचे दिवस, ब्लाउजपिसांचा ढीग पडलेला. खडूने खुणा केलेले, कापलेले पण न शिवलेले तुकडे एका जुन्या ओढणीत बांधून कपाटाखाली सरकवलेले होते. मी नंतर विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘मुंढ्याचं माप तीन-तीनदा घ्यायची आणि कात्री हातात धरून उभी राहायची. चुकलं तर? वीस वर्षं शिवतेय मी.’ गिऱ्हाइकांचे फोन त्या घेईनाशा झाल्या. बहीण आली की डोकं दुखतं म्हणून आत जाऊन पडायच्या.

माझ्याकडे त्या आल्या त्या मन उदास आहे म्हणून नाही. आपल्याकडे तसं कुणी फारसं येत नाही. अंग दुखतं, डोकं जड, पोट साफ होत नाही, हातापायात बळ नाही, या तक्रारी होत्या. आधी एका डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं. हिमोग्लोबिन ९ होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या, हे अगदी योग्य केलं. दोन महिन्यांत ते साडेअकरावर आलं, पण ताई होत्या तशाच. मी थायरॉइड आणि बी-१२ तपासून घेतलं. हे नेहमीच करावं लागतं, कारण थायरॉइड मंदावलं किंवा बी-१२ फार कमी झालं, तर थकवा, मंदपणा, उदासी, सगळं हुबेहूब असंच दिसू शकतं. ताईंचं दोन्ही ठीक निघालं.

मी विचारलं, ‘ताई, उदास वाटतं का?’ त्या म्हणाल्या, ‘रडू पण येत नाही, डॉक्टर. भाची पास झाली म्हणून पेढे घेऊन आली. मला कळत होतं, आनंद व्हायला पाहिजे. पण आत काही हललंच नाही.’

माझं निदान निम्म्याहून अधिक इथे झालं. निदानाच्या नियमांत दोन लक्षणं मुख्य मानली आहेत: उदास मन आणि गोडी जाणं. या दोहोंपैकी किमान एक हवंच. त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचालीतला मंदपणा किंवा अस्वस्थपणा, स्वतःला कमी लेखणं, मरणाचे विचार, अशी मिळून एकूण किमान पाच लक्षणं. दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे. आणि त्यामुळे रोजचं काम किंवा नातीगोती अडलेली. लोकांना वाटतं, उदासी नाही म्हणजे नैराश्य नाही. ताईंसारखी माणसं त्यामुळे सुटून जातात. त्यांना दुःख होत नसतं. त्यांना सुखही होत नसतं.

आता ‘दोन आठवडे’ कुठून आले, असं तुम्ही विचाराल. पंधराव्या दिवशी मेंदूत काही चमत्कार घडत नाही. पण साधा खचलेपणा बहुधा तोवर ओसरू लागतो, किंवा निदान त्यात फटी पडतात: एखादी संध्याकाळ बरी जाते, एखाद्या गोष्टीवर हसू येतं. दोन आठवडे एकही फट पडली नाही, तर ती डॉक्टरांकडे जाण्याची वेळ समजावी. जवळचं माणूस गेल्यावरचं दुःख यापेक्षा वेगळं चालतं. ते लाटेसारखं येतं, फोटो दिसला, सण आला की उसळतं, मध्ये ओसरतं. आणि त्या दुःखात माणूस सहसा स्वतःला कवडीमोल मानत नाही. पण शोकातही नैराश्य येऊ शकतं, तेव्हा तिथेही तेच बघायचं: मध्ये फट पडते का, आणि माणूस स्वतःविषयी काय बोलतो.

झोपेवर मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण खेड्यात आणि शहरात माणूस जे एक लक्षण न लाजता सांगतो, ते झोपेचं. अपघाताच्या काळात ताईंना झोप लागायला वेळ लागत होता. चैत्रापासून उलटं झालं. नऊ वाजता पडल्या की झोप लागायची, पण पहाटे तीनला टक्क डोळे उघडायचे आणि मग उजाडेपर्यंत तसंच. नेहमीच्या वेळेच्या दोनेक तास आधी जाग येणं आणि पुन्हा झोप न लागणं, हे खोल नैराश्यात बरंच आढळतं. प्रत्येकात नसतं, काहींना झोप लागतच नाही, काही जण तर दिवसभर झोपतात. पण ताईंसारखी पहाटेची जाग असेल, तर तिच्यासोबत आणखी एक गोष्ट विचारावी: दिवसाचा कोणता वेळ सगळ्यात वाईट? त्या म्हणाल्या, ‘सकाळ. उठवत नाही. संध्याकाळी सहानंतर जरा बरं वाटतं.’ घरात याचा अर्थ असा लावला गेला होता की कामाच्या वेळी हिला दुखतं आणि काम संपलं की बरी होते. सासूबाईंनी तसं बोलूनही दाखवलं होतं. खरं तर सकाळी जड आणि संध्याकाळी थोडं हलकं, हा त्या आजाराचाच चढउतार आहे. हे मी सासूबाईंना समोर बसवून समजावलं, आणि त्या गप्प होऊन सुनेकडे बघत राहिल्या.

ताईंना एका औषध दुकानातून झोपेची गोळी मिळाली होती, चिठ्ठीशिवाय. अल्प्राझोलम. असं फार घडतं. ही गोळी झोप आणते, पण नैराश्य उतरवत नाही. काही आठवडे रोज घेतली की शरीराला तिची सवय लागते, आणि एकदम बंद केली तर झोप आणखी बिघडते, धडधड होते. म्हणून ती हळूहळू कमी करत बंद करावी लागली. पुरुषांमध्ये हीच जागा दारू घेते. दारूने झोप लवकर लागते आणि रात्रीच्या उत्तरार्धात तुटते; ज्याला आधीच पहाटे जाग येते, त्याची पहाट ती आणखी अलीकडे ओढते. उदासी आणि पिणं दोन्ही असेल, तर दोन्हींवर एकदम इलाज करावा लागतो.

मग मी ताईंना नऊ प्रश्न विचारले. या प्रश्नावलीला पीएचक्यू-९ म्हणतात. जगभर वापरली जाते आणि मराठीतही आहे. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असं प्रत्येक प्रश्न विचारतो. अजिबात नाही तर शून्य, काही दिवस तर एक, निम्म्याहून जास्त दिवस तर दोन, जवळजवळ रोज तर तीन. गोडी जाणं, झोप आणि थकवा यांना ताईंचे तीन-तीन गुण आले. उदासी, भूक, स्वतःला कमी लेखणं आणि लक्ष न लागणं यांना दोन-दोन. मंदपणाला एक, मरणाच्या विचाराला एक. बेरीज १९. एकूण गुण २७ असतात. दहापासून पुढे नीट तपासणी हवी, पंधरापासून पुढे बहुधा उपचार लागतात. ही बेरीज म्हणजे निदान नव्हे. थायरॉइडच्या रुग्णालाही १९ येऊ शकतात. पण तिचा खरा उपयोग पुढे होतो: उपचाराने फरक पडतो आहे की नाही, हे दर काही आठवड्यांनी मोजता येतं.

शेवटच्या प्रश्नाला ताईंनी एक गुण दिला होता. तो एक गुण सोडून पुढे जायचं नसतं. मी सरळ विचारलं, ‘ताई, जगणं नको असं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ लोकांना भीती वाटते की असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरेल. तसं होत नाही, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे; उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं. त्या म्हणाल्या, ‘मी नसते तर यांचा ताप वाचला असता, एवढंच येतं.’ काही ठरवलं आहे का, आधी कधी प्रयत्न केला होता का, हेही विचारलं. तसं काही नव्हतं. तरीही आणखी एक प्रश्न आमच्या भागात मी कधी चुकवत नाही: घरात फवारणीची औषधं आहेत का? होती, दिराच्या द्राक्षबागेची, स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत. ती त्याच दिवशी हलवून कुलपात ठेवायला सांगितली. असा विचार बहुधा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या वेळी घातक वस्तू हाताशी नसणं, यानेच पुष्कळ जीव वाचतात. योजना ठरलेली असेल, तर त्या माणसाला एकटं सोडू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलते.

औषध लिहिण्याआधी आणखी एक चौकशी करावी लागते, आणि घाईत ती राहून जाते. आधी कधी याच्या उलट झालं होतं का? सलग काही दिवस झोप अगदी कमी आणि तरी अंगात उधाण, बोलणं भरधाव, वारेमाप खर्च? तसं असेल तर आजार द्विध्रुवी असू शकतो, आणि त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस दुसऱ्या टोकाला जाऊ शकतो. ताईंच्या बाबतीत तसं काही नव्हतं.

आता उपचार. इथे मला गोव्याचं उदाहरण द्यायचं आहे, कारण ते आपल्या शेजारचं आहे आणि आपल्याकडच्या आरोग्य केंद्रांना तंतोतंत लागू पडतं. डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेने गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्यावर एक उपचार तपासून पाहिला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. समुपदेशक होते स्थानिक लोक, ज्यांनी मानसोपचाराचं शिक्षण आधी घेतलेलं नव्हतं. त्यांना प्रशिक्षण दिलं गेलं. सहा ते आठ भेटी, प्रत्येक साधारण अर्ध्या-पाऊण तासाची, केंद्रावर किंवा घरी. तीन महिन्यांनी ज्यांना या भेटी मिळाल्या त्यांच्यापैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आलेले होते. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

त्या भेटींचा गाभा काय होता? कृती. आपल्याला वाटतं, आधी मन लागेल, मग काम होईल. नैराश्यात हे चाक उलटं फिरतं: मन लागत नाही म्हणून माणूस सोडून देतो, सोडल्यामुळे दिवसात आनंदाचं किंवा काही साधल्याचं काहीच उरत नाही, आणि मन आणखी खाली जातं. म्हणून मन लागण्याची वाट न बघता, ठरलेल्या वेळी, ठरलेली, अगदी लहान कृती करायची. ‘मन रमव’ हा घरचा सल्ला आणि हा उपचार यांत फरक आहे तो या नेमकेपणाचा. ताईंना मी ब्लाउज शिवायला सांगितलं नाही. माप घेणं, कापणं यांत निर्णय असतात आणि तिथेच त्या अडत होत्या. रोज दुपारी चारला, त्यांच्या बऱ्या वेळेच्या थोडं आधी, शिवून झालेल्या एका ब्लाउजला हुक लावायचे. पंधरा मिनिटं. मग उठायचं, झालं असो वा नसो, आणि वहीत लिहायचं. दुसऱ्या आठवड्यात तुरपाई. तिसऱ्यात बाही. चौथ्या आठवड्यात बहिणीचा, म्हणजे चुकलं तर चालेल असा, एक पूर्ण ब्लाउज.

झोपेचंही तसंच. नऊला न पडता साडेदहाला पडायचं, झोप कशीही झाली तरी साडेपाचला उठायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही, आणि जाग येऊन बराच वेळ गेला तर कुशी बदलत न राहता उठून बाहेरच्या खोलीत बसायचं. पहिला आठवडा जड जातो, हे आधी सांगून ठेवावं लागतं.

गुण १९ होते, म्हणून गोळीही सुरू केली. सौम्य नैराश्यात बोलण्याचा आणि कृतीचा उपचार पुरतो. आजार जितका खोल, तितकी औषधाची गरज वाढते. या गोळ्यांबद्दल दोन गोष्टी न सांगितल्याने त्या अर्ध्यात सोडल्या जातात. त्रास आधी होतो आणि गुण नंतर येतो: पहिल्या आठवड्यात मळमळ, थोडी अस्वस्थता, आराम दोन आठवड्यांनंतर हळूहळू, पुरता अंदाज यायला चार ते सहा आठवडे. पंचविशीच्या आतल्या रुग्णांवर या सुरुवातीच्या काळात बारीक लक्ष ठेवावं लागतं, कारण त्यांच्यात मरणाचे विचार वाढू शकतात. दुसरी गोष्ट, बरं वाटलं की गोळी बंद करायची नसते. पूर्ण बरं झाल्यावर पुढे किमान सहा महिने ती चालू ठेवावी लागते. ही गोळी झोपेच्या गोळीसारखं व्यसन लावत नाही, पण एकदम तोडली तर चक्कर, चिडचिड होते. म्हणून ती डॉक्टरच्या सांगण्याने उतरवत आणायची.

ताईंमध्ये आधी झोप सुधारली, मग भूक. गोडी सगळ्यात शेवटी आली, आणि बहुतेकांचं असंच होतं. मधल्या काळात घरचे म्हणतात, ‘आता बरी दिसतेस,’ आणि रुग्णाला आतून तसं वाटत नसतं. तेव्हा वाद न घालता थांबावं. सहा आठवड्यांनी गुण ११ होते, तीन महिन्यांनी ४. पाचाच्या खाली आले म्हणजे आजार उतरला असं आम्ही धरतो.

उतरला, पण गेला असं मी त्यांना सांगितलं नाही. एकदा असं नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्यांना आयुष्यात पुन्हा कधीतरी येतं. म्हणून शेवटच्या भेटीला मी यजमानांनाही बोलावलं आणि परत येण्याच्या खुणा तिघांनी मिळून काढल्या. त्या ताईंच्याच होत्या, कुठल्या पुस्तकातल्या नव्हत्या: लागोपाठ आठवडाभर पहाटे तीनला जाग, गिऱ्हाइकाचा फोन न घेणं, आणि कापलेलं कापड न शिवता बांधून ठेवणं. यांपैकी दोन दिसल्या, तर त्या वेळी घरात संकट असो वा नसो, यायचं. यजमानांनी विचारलं, ‘आणि टेन्शनमुळेच झालं असलं तर?’ मी म्हटलं, ‘तरीही यायचं.’